लीडची लेखी नोट आलीये: "टायमिंग बरोबर, स्पेसिंग चुकलं" म्हणजे नक्की काय? (गॅसची टाकी उचलणारा माणूस)

फ्रेमवेडी
नमस्कार मंडळी. मी थ्रीडी अ‍ॅनिमेशनमध्ये ज्युनियर आहे, सात महिने झाले, मायामध्ये काम करते. सध्या माझ्याकडे पाच सेकंदांचा एक शॉट आहे, म्हणजे १२० फ्रेम, १००१ ते ११२०. गॅसची टाकी पोचवणारा माणूस इमारतीच्या दारात उभा आहे, टाकीकडे बघतो, वाकतो, टाकी मांडीपर्यंत उचलतो, तिथून खांद्यावर घेतो आणि जिन्याकडे दोन पावलं टाकतो. एवढंच. मला वाटलं होतं सोपा शॉट आहे.

मी काल स्प्लाइन करून दिला आणि आमच्या लीडनी लेखी नोट पाठवली. त्यांना विचारूनच इथे टाकतेय, शॉट दाखवता येणार नाही पण नोट टाकायला त्यांची हरकत नाही. नोट अशी:

"शॉट तीनदा लूपवर बघितला. १००१ ते १०३०, तो टाकीकडे बघतो आणि खांद्यावरचं फडकं सरळ करतो, तो भाग छान जमलाय, त्याला हात लावू नकोस. अडचण १०३० नंतर आहे.

वजन: टाकी भरलेली आहे हे मला गोष्टीवरून कळतं, शॉटवरून कळत नाही. १०३६ ला हात, टाकी, कंबर, छाती सगळं एकाच फ्रेमला निघतं आणि १०५४ ला एकाच फ्रेमला थांबतं. भरलेली टाकी अशी निघत नाही. आधी माणूस ताणला जातो, मग टाकी हलते. कंबर १०३२ लाच वर निघू दे, टाकी १०३६ पर्यंत जमिनीला चिकटलेली राहू दे. त्या चार फ्रेममध्ये कोपर सरळ होतील, खांदे खाली खेचले जातील, हे दिसलं की अर्धं वजन तिथेच आलं. आणि १०५४ ला टाकी पुढे धरून तो सरळ उभा आहे, असा माणूस तोंडावर पडेल. पाठ मागे जाऊ दे.

स्पेसिंग: टायमिंग बरोबर आहे, स्पेसिंग चुकलंय. १०३६ ते १०५४ हे अठरा फ्रेम मला मान्य आहेत, वाढवू नकोस. पण टाकी दर फ्रेमला सारखीच सरकते. आणि १०६६ ला ती खांद्यावर गादीवर ठेवल्यासारखी मऊ उतरते. तिथे ब्रेक लावायचं काम टाकीचं नाही, खांद्याचं आहे.

सिल्हूट: १०५४ वर थांब आणि 7 दाब. सीनमध्ये लाइट नाहीत त्यामुळे सगळं काळं होईल. मला एक गठ्ठा दिसतो, वर डोकं आणि खाली पाय. टाकी कुठे संपली आणि पोट कुठे सुरू झालं ते कळत नाही. त्याला स्क्रीनच्या डावीकडे साधारण तीस अंश वळव, म्हणजे टाकी पोटासमोरून बाहेर येईल. कोपर आणि बरगडीच्या मधून मागची भिंत दिसली पाहिजे. पुढे टाकी डाव्या खांद्यावर, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला येते, त्यामुळे १०६६ पासून चेहराच गायब. उजव्या खांद्यावर घे.

शुक्रवारी परत बघू."

सिल्हूटचं मला लगेच पटलं, 7 दाबून बघितलं तर खरंच गठ्ठा. माझे दोन प्रश्न आहेत. एक, टायमिंग बरोबर असताना स्पेसिंग चुकतं म्हणजे काय, मी तर दोन्ही एकच समजत होते. दोन, आहे त्यातच दुरुस्ती करू की १०३० पासून पुढचं सगळं पुसून परत ब्लॉकिंग करू? आज मंगळवार आहे.

हाडजोड
वेट्सचा प्रॉब्लेम असेल तर अ‍ॅनिमेटरने त्यात पडूच नये, रिगिंगला तिकीट टाका. खांद्याचे वेट्स नीट पेंट केलेले नसतील तर टाकी ठेवल्यावर खांदा दबणारच नाही.

फ्रेमवेडी
@हाडजोड नाही हो, ते वजनाबद्दल म्हणतायत, स्किन वेट्सबद्दल नाही. टाकी जड वाटत नाही असं.

हाडजोड
अच्छा अच्छा. सकाळपासून वेट पेंटिंगच करतोय त्यामुळे वेट शब्द दिसला की तेच दिसतं. चालू द्या.

अर्धविराम
सोपं आहे. जड वस्तू म्हणजे हळू. १८ फ्रेममध्ये टाकी उचलतोय म्हणून ती हलकी वाटते, त्याचे ३० कर, आपोआप वजन येईल. आणि खांद्यावर येताना जोरात आण कारण जड वस्तू वेगाने पडते. लीडनी फ्रेम वाढवू नकोस का म्हटलंय मला कळलं नाही, बहुतेक शॉटची लांबी एडिटमध्ये लॉक असेल.

खडूची_धूळ
मी अ‍ॅनिमेशनमधला नाही, सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, मुलगा या क्षेत्रात आहे म्हणून इथे वाचत असतो. @अर्धविराम जड वस्तू वेगाने पडत नाही हो. भरलेली टाकी आणि रिकामी टाकी एकाच उंचीवरून सोडल्या तर बरोबरच खाली येतात.

अर्धविराम
सर फिजिक्समध्ये बरोबर असेल पण पडद्यावर जड वस्तू धाडकन पडलेलीच बरी दिसते.

पेन्सिलकाका
मी कागदावरचा माणूस, मुंबईत जाहिरातींच्या फिल्म केल्या, लाइटबॉक्सवर वाकून पाठ गेली. आमच्या आधीच्या पिढीला पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये डिस्नेतल्या क्लेअर वीक्सनी शिकवलं होतं, १९५६ च्या आसपासची गोष्ट, त्यांच्याकडून जे खाली झिरपत आलं ते आम्ही शिकलो. पोरी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर एका मिनिटात समजतं.

आम्ही की ड्रॉइंग काढलं की त्याच्या कडेला एक उभी रेघ मारायचो आणि तिच्यावर शिडीसारख्या आडव्या खुणा. वरची खूण म्हणजे पहिली की, खालची खूण म्हणजे दुसरी, मधल्या खुणा म्हणजे मधली ड्रॉइंगं जी असिस्टंट काढणार. खुणा किती आहेत ते झालं टायमिंग. खुणा एकमेकींपासून किती लांब आहेत ते झालं स्पेसिंग. आठ खुणा सारख्या अंतरावर मारल्या तर हात घड्याळाच्या काट्यासारखा जातो. त्याच आठ खुणा वरच्या टोकाला दाटीने मारल्या आणि खाली विरळ केल्या तर तोच हात आधी अडतो आणि मग सुटतो. ड्रॉइंगं आठच, वेळ तेवढाच.

तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये ही शिडी दिसत नाही म्हणून गोंधळ होतो.

कंदीलवाला
काकांनी नेमकं सांगितलंय. शिडी दिसते काका, फक्त चालू करावी लागते. @फ्रेमवेडी टाकीचा कंट्रोल सिलेक्ट करून `Editable Motion Trail` लाव आणि १०३६ ते १०५४ मधले ठिपके बघ. मी न बघता सांगतो, सगळे एका अंतरावर असतील.

आता आकड्यात बोलू म्हणजे डोक्यात बसेल. टाकी जमिनीवरून मांडीपर्यंत समजा ६० सेंटीमीटर वर येते. अठरा फ्रेममध्ये सारखी वाटली तर फ्रेमला सव्वातीन सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे पहिल्याच फ्रेमला टाकी सव्वातीन सेंटीमीटर वर उडाली. तीस किलोची वस्तू शांत पडलेली असताना एका फ्रेममध्ये एवढा वेग घेऊ शकत नाही, आणि प्रेक्षकाला हे गणित येत नसलं तरी त्याच्या डोळ्याला कळतं, कारण त्याने स्वतः बादल्या उचलल्यात. आता तेच अठरा फ्रेम असे वाट: पहिल्या सहात मिळून जेमतेम ४ सेंटीमीटर, मधल्या आठात ४८, शेवटच्या चारात ८. बेरीज साठच. पण आता टाकी जमिनीपासून सुटायला तयार नाही, मग माणसाचा जोर तिच्यावर भारी पडतो, मग ती मांडीशी येऊन थांबते. म्हणून लीड म्हणतात टायमिंग बरोबर.

@अर्धविराम तीस फ्रेम करून सारखंच स्पेसिंग ठेवलं तर टाकी जड वाटत नाही, पाण्याखाली वाटते. मी पहिल्या वर्षी नेमकं हेच करायचो, जड म्हणजे हळू असं धरून सगळे शॉट फुगवायचो, आणि माझ्या सुपरवायझरनी एकदा माझे दोन शॉट शेजारी ठेवून दाखवलं की लांब केलेला शॉटच जास्त हलका दिसतोय. तुमचं निम्मं बरोबर आहे, जड वस्तू सुरू व्हायला आणि थांबायला वेळ घेते. मध्ये मात्र तिला वेग येऊ द्यावा लागतो, नाहीतर आधी घेतलेल्या जोराचं काय झालं ते दिसत नाही.

अर्धविराम
ओके, हे पटलं. सुरू व्हायला आणि थांबायला.

चौथा_मजला
माझे वडील बावीस वर्षं गॅस एजन्सीत टाकी पोचवायला होते, कॉलेजात असताना सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर गाडीवर जायचो. नोट चांगली आहे पण मला आधी एक विचारायचंय, टाकी नक्की भरलेलीच ना? कारण रिकामी असेल तर तुमचा शॉट आत्ताच बरोबर आहे!

गंमत सोडा. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो आणि लोखंड साधारण तेवढंच किंवा किलो-दीड किलो जास्त. म्हणजे भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास. अशी टाकी कोणीही जमिनीवरून सरळ उचलत नाही हो. आधी वरचं कडं धरून तिला एका बाजूला कलती करायची, खालच्या कडेवर फिरवत हवी तिथे आणायची. उचलताना एक हात वरच्या कड्यात, दुसरा खालच्या कडेखाली, आणि ती मांडीवर घ्यायची. मांडीवर आली की तिथे क्षणभर टेकते. मग गुडघ्याने खालून झटका द्यायचा आणि त्याच झटक्यात ती खांद्यावर आडवी जाते. हातांनी खांद्यापर्यंत कोणी उचलत नाही, एका दिवसात तीस-चाळीस टाक्या असतील तर हात राहतीलच कुठे. वडिलांची उजवी मांडी कायम काळीनिळी असायची.

फ्रेमवेडी
@चौथा_मजला भरलेलीच आहे 🙂 आणि हे वाचून मला घाम फुटला कारण माझा माणूस दोन्ही हात टाकीच्या दोन बाजूंना लावून, सूटकेससारखी नाही, हंड्यासारखी उचलतो. मी रेफरन्स म्हणून स्वतः घरात रिकामी टाकी उचलून मोबाईलवर शूट केलं होतं.

कंदीलवाला
मग तिथेच मुळात घोळ आहे. रेफरन्समध्येच वजन नव्हतं तर शॉटमध्ये कुठून येणार, तू प्रामाणिकपणे रिकामी टाकीच अ‍ॅनिमेट केलीस. रेफरन्स शूट करताना वस्तू तेवढीच जड पाहिजे, टाकी उचलून कंबर धरू नकोस, पण पिठाचा दहा किलोचा डबा नाहीतर पाण्याने भरलेली बादली घेतलीस तरी खांदे कसे खाली खेचले जातात ते दिसेल.

अजून एक विचारतो. टाकी हाताला कॉन्स्ट्रेन केलीयेस का?

फ्रेमवेडी
हो, १०३६ पासून उजव्या हाताला पॅरेंट कॉन्स्ट्रेन्ट. म्हणजे हात जाईल तशी टाकी जाते, सोपं पडतं.

कंदीलवाला
तेच. टाकी हाताची पोर झाली की हात मालक होतो. हात जसा हलेल तशी ती हलते, हाताला तिचं ओझं कधी जाणवतच नाही. मी अशा शॉटमध्ये उलटं करतो. टाकी स्वतंत्र, तिच्यावर तिच्या स्वतःच्या कीज, आणि हात आयके करून टाकीला चिकटवायचे. मग टाकीचा मार्ग आणि तिचं स्पेसिंग आधी एकटं बरोबर करायचं, माणूस लपवून. नुसती टाकी हवेत जाताना बघायची. नुसती टाकीच जड वाटली पाहिजे. मग माणूस दाखवायचा आणि कंबरेपासून त्याला टाकीशी भांडायला लावायचं.

आणि लीडनी जे लिहिलंय की सगळं एकाच फ्रेमला निघतं आणि थांबतं, त्याचं कारण तुझं ब्लॉकिंग आहे. ब्लॉकिंगमध्ये आपण प्रत्येक पोझवर सगळे कंट्रोल एकत्र की करतो, ते बरोबरच आहे, पण स्प्लाइन केल्यावर त्या कीज तशाच एका रांगेत उभ्या राहिल्या की कंबर, छाती, हात, टाकी एकाच वेळी सुटतात. ग्राफ एडिटरमध्ये सगळे कर्व्ह एकत्र बघ, १०३६ वर भिंत दिसेल.

उंबरठा
मी हैदराबादला लीड आहे, माझ्या हाताखाली नऊ जण आहेत. कंदीलवाला यांच्याशी वजनाच्या बाबतीत सहमत, पण प्रॉप आधी आणि माणूस नंतर हे मला पटत नाही. टाकीला ताकद माणसाकडून मिळते. कंबर आधी अ‍ॅनिमेट करा, जोर कुठून येतो ते ठरवा, मग टाकी त्याला उत्तर देईल. प्रॉप आधी केला की ज्युनियर मुलं माणसाला प्रॉपच्या मागे फरफटत नेतात आणि टाकी माणसाला उचलतेय असं दिसतं.

दुसरं, या नोटबद्दलच बोलायचं तर मी अशी नोट लिहिणार नाही. "कंबर १०३२ ला निघू दे", "तीस अंश वळव", हे म्हणजे माझ्या हातांनी तिचा शॉट करणं. मी लिहीन की टाकी निघायच्या आधी माणसाला ताण आला पाहिजे, तो मला दिसत नाही. कितव्या फ्रेमला ते तिने शोधायचं. नाहीतर पुढच्या शॉटला ती पुन्हा आकडा मागायला येणार.

कंदीलवाला
@उंबरठा कंबर आधी की टाकी आधी यावर मी भांडणार नाही, दोन्हीकडून पोचता येतं. माणूस फरफटतो हे खरंय, मी पाहिलंय.

पण नोटबद्दल मला वाटतं तुम्ही एक गोष्ट बघितली नाही. त्यांनी प्रत्येक आकड्याच्या आधी काय दिसतंय ते लिहिलंय आणि नंतर का ते लिहिलंय. "आधी माणूस ताणला जातो, मग टाकी हलते" हे वाक्य तिथे आहेच. "ब्रेक लावायचं काम टाकीचं नाही, खांद्याचं" हे तर मी माझ्या मुलांना उद्या सांगणार आहे. सात महिन्यांच्या मुलीला मंगळवारी नोट देऊन शुक्रवारी शॉट हवा असेल तर चार फ्रेम की दहा फ्रेम एवढा अंदाज द्यावाच लागतो, तिच्या डोळ्याला तो अजून आलेला नाही. आणि १००१ ते १०३० ला हात लावू नकोस हे लिहिलं नसतं तर तिने भीतीने तेही बदललं असतं.

उंबरठा
ते शेवटचं मान्य. काय बदलायचं नाही हे लिहायला मी बरेचदा विसरते.

मधली_सुट्टी
मी टूडी कटआउट करते, मुलांच्या मालिका, आमच्याकडे आठवड्याला इतके शॉट असतात की अशी नोट कोणी लिहीतच नाही, फक्त "वेट?" असं लिहून येतं. प्रश्नचिन्हासकट. मग मी तासभर विचार करत बसते की कशाचं वेट. फ्रेमवेडी तुझ्या लीडना माझा नमस्कार सांग.

खडूची_धूळ
१०६६ ला टाकी मऊ उतरते याबद्दल थोडं बोलू का. सोडलेली वस्तू पहिल्या फ्रेमला जेवढी खाली येते त्याच्या तिप्पट दुसऱ्या फ्रेमला, पाचपट तिसऱ्या, सातपट चौथ्या. १, ३, ५, ७ असं. सेकंदाला २४ फ्रेम धरले तर पहिल्या फ्रेमला एक सेंटीमीटरहूनही थोडं कमी येतं, साधारण ०.८५. म्हणजे तीन फ्रेममध्ये पावणेआठ सेंटीमीटरच्या आसपास. टाकी खांद्याच्या वर आठेक सेंटीमीटर उडाली असेल तर ती तीन फ्रेममध्ये खांद्यावर यायला हवी आणि शेवटच्या फ्रेमला सगळ्यात मोठी उडी हवी. मऊ उतरते म्हणजे तिथे नेमकं उलटं झालंय, शेवटचे ठिपके जवळजवळ आलेत.

चौथा_मजला
सर पण टाकी सोडत नाही ना हो कोणी, हात कड्यात असतोच. वडील म्हणायचे खांद्यावर पडू दिली तर हाड मोडेल, अर्ध्यातून धरायची.

खडूची_धूळ
हो, बरोबर, मग मोकळं पडणं नाही. वेळ थोडा जास्त लागेल, चार-पाच फ्रेम. पण वेग वाढतच गेला पाहिजे एवढं नक्की.

कंदीलवाला
सरांनी दिलेलं १-३-५-७ वहीत लिहून ठेव. आणि हाताने अर्धवट धरलेली म्हणून चार फ्रेम घे, त्यात शेवटचं अंतर सगळ्यात मोठं. मायाच्या ऑटो टँजंटनी तिथे कर्व्ह सपाट केलाय म्हणून ती मऊ उतरते. खांद्याला लागायच्या कीवर टँजंट तोडायचा, येणारी बाजू तिरकी ठेवायची. लागल्यावर मात्र खांदा, छाती, कंबर, गुडघे या क्रमाने दबतात, दोन-दोन फ्रेम उशिरा. खांदा तीन फ्रेममध्ये खाली, वर यायला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि पहिल्या उंचीवर परत यायचंच नाही. टाकी आहे तोवर तो खांदा खालीच राहणार.

पुढची दोन पावलंही बघ. टाकी उजव्या खांद्यावर गेली की कंबर डावीकडे सरकते आणि धड डावीकडे कलतं, कारण माणूस आणि टाकी मिळून जो तोल आहे तो पावलांच्या वर राहायला हवा. पावलं आखूड, आणि दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ जास्त. लीडनी ते लिहिलं नाही, बहुतेक मुद्दाम, एका नोटमध्ये सगळं लिहिलं तर काहीच होत नाही.

मधली_सुट्टी
खांदा बदलण्याबद्दल कोणी बोललंच नाही. पुढच्या शॉटमध्ये टाकी कुठल्या खांद्यावर आहे ते बघितलंस का? नाहीतर कटला टाकी उडी मारेल.

फ्रेमवेडी
अरे देवा. बघते.

फ्रेमवेडी
बघितलं. पुढचा शॉट जिन्यावर पाठीमागून आहे आणि लेआउटमध्ये टाकी डाव्या खांद्यावर आहे. तो शॉट दुसऱ्याकडे आहे, तो अजून ब्लॉकिंगमध्येच आहे म्हणतो पण त्याच्या शॉटमध्ये डावीकडे भिंत आणि उजवीकडे कठडा आहे आणि टाकी उजव्या खांद्यावर घेतली तर ती कठड्यावर आपटते. लीडना विचारलं, ते म्हणाले डायरेक्टरना विचारून सांगतो.

चौथा_मजला
खरं सांगू का, माणूस ज्या खांद्याची सवय आहे त्याच खांद्यावर घेतो. आणि टाकी त्या बाजूला असली की डोकं दुसऱ्या बाजूला कललेलं असतं, टाकी मानेला घासू नये म्हणून. डोकं तसं कललं आणि थोडं पुढे आलं तर डाव्या खांद्यावरसुद्धा चेहरा दिसेल की.

कंदीलवाला
अर्धा दिसेल. नाकाची आणि हनुवटीची रेघ टाकीच्या बाहेर आली तर सिल्हूट चालतं, डोळे दिसले नाहीत तरी. पण या क्षणी चेहऱ्यावर काही अभिनय आहे का त्यावर ठरेल. काही नसेल तर मी खांद्यासाठी भांडणार नाही. ओझं घेऊन निघालेला माणूस पाठीवरूनही वाचता येतो.

उंबरठा
मी भांडेन. पाच सेकंदात चेहरा दिसण्याची ती एकच संधी आहे आणि प्रेक्षक आधी चेहराच शोधतो.

पेन्सिलकाका
सिल्हूटचं एक सांगतो, फक्त १०५४ थांबवून बघू नकोस. आम्ही ड्रॉइंगं हातात धरून फडफडवायचो. थांबलेल्या पोझमध्ये फट दिसते आणि हलताना बुजते असं पुष्कळदा होतं. काळं करून पूर्ण शॉट चालव, टाकी कधी कोणत्या अवयवात बुडते ते बघ. आणि कोपराची फट मोठी कर, तुला वाटते त्याहून मोठी, कारण टीव्हीवर, मोबाईलवर ती आणखी लहान होते.

फ्रेमवेडी
काका हे लगेच करून बघितलं. १०५८ ते १०६४ मध्ये टाकी डोक्यासमोरून जाते आणि सहा फ्रेम डोकंच नाही. थांबवून कधी दिसलं नसतं.

दुसऱ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही पण आता मलाच कळलंय बहुतेक. हात धरायची पद्धतच चुकलीये, टाकी कॉन्स्ट्रेन केलेली चुकलीये, तर कर्व्ह ओढत बसण्यात अर्थ नाही. १०३० पर्यंत ठेवते आणि पुढचं पुसते.

अर्धविराम
पुसू नकोस, वेगळ्या लेयरवर ठेव नाहीतर व्हर्जन सेव्ह करून मग पुस. शुक्रवार लांब नाही.

कंदीलवाला
+१. आणि पहिल्या दिवशी फक्त चार पोझ कर. ताणलेला माणूस आणि न सुटलेली टाकी, मांडीवर टेकलेली टाकी, गुडघ्याचा झटका, आणि दबलेला खांदा. त्या चार पोझ काळ्या करून लीडना दाखव, कर्व्हला हात लावायच्या आधी. त्यांना बुधवारी चार चित्रं बघायला दोन मिनिटं लागतील.

फ्रेमवेडी
शुक्रवार अपडेट. बुधवारी चार पोझ दाखवल्या, मांडीवर टेकवणं आणि गुडघ्याचा झटका बघून लीडनी विचारलं हे कुठून आणलंस, मी चौथा_मजला यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. त्यांनी झटक्यासाठी सहा फ्रेम जास्त दिले, पावलांमधून काढून.

टाकी आधी एकटी केली, माणूस लपवून, दोन तास फक्त टाकी हवेत. मग माणूस दाखवला तर उंबरठा ताई म्हणाल्या तसंच झालं, टाकी त्याला उचलत होती. मग कंबर परत पहिल्यापासून केली आणि टाकी तिच्या मागे चार फ्रेम. शेवटी कुठलं आधी केलं ते मलाच सांगता येणार नाही.

आजची नोट दोन ओळींची आहे: "टाकी भरली. १०७२ ला खांदा दबतो पण मान दबत नाही, आणि डावा हात रिकामा लटकतोय, त्याला काम दे." खांदा कुठला ते अजून ठरलेलं नाही, डायरेक्टर बाहेरगावी आहेत, मी दोन्ही व्हर्जन ठेवलीत. उजव्या खांद्याचं व्हर्जन १०७२ ला जास्त छान वाचतं पण जिन्यातला कठडा तिथेच आहे.

एक नवीनच अडचण: खांदा पूर्ण खाली दाबला की काखेजवळ शर्ट आणि हात दोन्ही आत चेपल्यासारखे होतात. पोझ थोडी कमी करू का?

चौथा_मजला
वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले डावा हात कमरेवर ठेवायला सांग, जिना सुरू झाला की तो कठड्यावर जातो.

हाडजोड
पोझ कमी करू नका. ते खरंच वेट पेंटिंगचं आहे. तुमच्या रिगिंगवाल्यांना तिकीट टाका, त्यात १०७२ चा फ्रेम आणि खांद्याच्या कंट्रोलचा आकडा लिहा म्हणजे त्यांना शोधत बसायला नको.